शेकरूचा फोटो 'भीमाशंकर' म्हणून आलाय, पण शेपटी काळी आहे. कुठला असेल?

डिंभेकाठ
नमस्कार मंडळी. आमचा निसर्ग गट आंबेगाव तालुक्यातल्या शाळांसाठी शेकरूचा माहितीफलक करतोय. फलकासाठी एका ज्येष्ठ सदस्यांनी एक सुंदर फोटो दिला. तो त्यांच्या दिवंगत भावाच्या हार्ड डिस्कवरचा आहे आणि खाली 'शेकरू, भीमाशंकर' असं लिहिलंय. मी आहुपे आणि भीमाशंकरच्या रानात लहानपणापासून शेकरू बघत आलोय, म्हणून हा फोटो बघताच थबकलो. आमच्याकडच्या शेकरूची पाठ तांबूस असते, पोट मळकट पांढरं, आणि शेपटी टोकाकडे फिकट होत जाते. फोटोतल्या शेकरूच्या खांद्यावर काळा पट्टा आहे आणि शेपटीचा अर्ध्याहून जास्त भाग काळा आहे, टोक तेवढं फिकट.

फोटो खाली जोडलाय. शेकरू आडव्या फांदीवर पसरलंय. उजव्या कोपऱ्यात मोठ्या पानांचं झाड आहे, त्याची बरीच पानं गळलीत. शेकरू ज्या झाडावर आहे त्याची पानं मध्यम आकाराची, चकचकीत, नवीन. मागे धूसर पिवळसर-तांबडा खडक दिसतो. फाइलचं नाव DSC_4127.jpg, तारीख ऑगस्टची दाखवते. फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय, त्यामुळे बाकी काही माहिती उरलेली नाही.

मुलं फलक बघून रानात जाणार. फलकावर काळ्या शेपटीचं आणि झाडावर तांबड्या शेपटीचं, असं नको व्हायला. फोटो कुठला हे कसं ठरवायचं?

रानवाटा_७२
डिंभेकाठ, शेकरू बघायचं असेल तर सकाळी साडेसहा ते नऊ ही वेळ साधा. मंदिराकडून गुप्त भीमाशंकरच्या वाटेला जा, आवाज न करता उभे राहा. वरच्या फांद्यांत पानाकाड्यांची गोल घरटी दिसतील. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे शेकरू आत आहेच असं नाही.

डिंभेकाठ
धन्यवाद दादा, पण शेकरू कुठे बघायचं हा प्रश्न नाहीये. हातातला फोटो कुठला, ते शोधायचंय.

वऱ्हाडी_अभि
सोपं आहे. शेपटी काळी, म्हणजे सह्याद्रीतलं नाही, मध्य भारतातलं. आणि कोपऱ्यातलं मोठ्या पानांचं झाड साग आहे. साग आणि काळी शेपटी म्हणजे मेळघाट. मी सेमाडोहजवळ हुबेहूब असंच शेकरू पाहिलंय. बिनधास्त 'मेळघाट' लिहा.

पानगळ
अभि, साग बरोबर ओळखलास. काळ्या शेपटीवरून सह्याद्रीचा उत्तर भाग वगळलास तेही पटतं. पण तिथून थेट मेळघाटावर उडी घेता येत नाही. सह्याद्रीत दक्षिणेला सरकत जा, शेकरूच्या अंगावर काळा रंग वाढत जातो. गोवा, दांडेलीकडच्या शेकरूचे खांदे, मागचा भाग आणि शेपटी यांत भरपूर काळा असतो. आणि दांडेलीत साग ढिगाने आहे. म्हणजे तुझ्या दोन्ही खुणा दांडेलीलाही लागू पडतात.

डिंभेकाठ, रंगावर भर देण्याआधी एक गोष्ट तपासा. शेकरू उजेडाच्या विरुद्ध बाजूला असेल तर तांबडी शेपटीसुद्धा काळी दिसते. मागून ऊन येत असेल तर शेपटीच्या केसांच्या कडा चमकतात आणि मधला भाग अंधारतो. तसं झालंय का? त्याच फोटोत कान आणि डोक्याचा वरचा भाग कोणत्या रंगाचा दिसतो?

डिंभेकाठ
ऊन डावीकडून, थोडं पुढून आहे. कान आणि डोकं स्पष्ट तांबूस दिसतंय. त्याच उजेडात खांद्याचा पट्टा काळा आहे आणि पट्ट्याची कड नीट दिसते. शेपटीत काळा संपून फिकट सुरू होतो ती जागाही दिसते.

पानगळ
मग काळा खरा आहे. फोटोचा रंग कुणी गडद केला असता तर डोकंही गडद झालं असतं.

एवढ्यावर भीमाशंकर वगळायला माझी हरकत नाही. पण एक लक्षात घ्या. रंगावरून आपण फक्त 'कुठला नाही' ते ठरवतोय. 'कुठला आहे' ते ठरवायला झाडं लागतील. सागाचा उपयोग मर्यादित आहे. तो नैसर्गिकरीत्या मोठ्या पट्ट्यात आहे, आणि वनखात्याने लावलेला तर त्याहून कितीतरी जास्त. भीमाशंकरच्या पठारावर जांभूळ, अंजन, पिसा, आंबा असं सदाहरित-निमसदाहरित रान आहे, पण पायथ्याच्या गावांकडे साग भेटतोच. म्हणून मला कोपऱ्यातलं झाड सोडून शेकरू बसलंय ते झाड बघायचंय. त्या पानांचा मोठा क्रॉप टाकता येईल का? पानं फांदीवर समोरासमोर जोडीने आलीत की एकाआड एक, ते दिसेल असा.

नाना_घोडेगाव
ते जांभूळ आहे. आमच्या रानात शेकरू जांभळावरच जास्त असतं. चकचकीत पानं, नवी पालवी. उगाच लांबचा शोध नको. फोटो देणारे गृहस्थ मला माहीत आहेत, खोटं बोलणारे नाहीत.

डिंभेकाठ
नाना, ते खोटं बोलतायत असं कुणीच म्हणत नाही. फोटो त्यांच्या भावाने काढलाय, नाव कुणी आणि कधी दिलं तेही त्यांना ठाऊक नाही. क्रॉप टाकलाय. मला तरी पानं एकाआड एक वाटतात. देठ आखूड, पानाचा तळ रुंद आणि गोलसर, टोक निमुळतं.

अंजनी_पुणे
क्रॉप बघितला. वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून लिहिते. नाना, जांभळाची पानं समोरासमोर जोडीने येतात. क्रॉपमधल्या डावीकडच्या डहाळीवर सलग चार पानं एकाआड एक आहेत. जांभळाच्या पानात कडेलगत एक बारीक शीर सबंध पानाला वळसा घालते, तीही इथे दिसत नाही. इथे मधल्या शिरेपासून निघणाऱ्या बाजूच्या शिरा ठळक आणि समांतर आहेत. त्यामुळे जांभूळ नाही, हे खात्रीने सांगते.

माझा अंदाज साल या झाडाचा. मात्र खोड दिसल्याशिवाय पक्कं म्हणणार नाही. मोठ्या सालाच्या खोडाला गडद रंगाच्या, लांब उभ्या खोल भेगा असतात. फोटोत खालच्या बाजूला एक खोड अर्धवट दिसतंय, ते उजळ करून टाकाल का?

वऱ्हाडी_अभि
खोड मी आधीच झूम करून बघितलं. भेगाळलेलं आहे. तो ऐन असणार, मेळघाटात ऐन भरपूर.

अंजनी_पुणे
ऐनाच्या खोडावर उभ्या-आडव्या भेगांचे चौकोन पडतात, मगरीच्या पाठीसारखे. इथे आडव्या भेगा नाहीत, सगळ्या उभ्या आहेत. शिवाय ऐन असता तरी काही हाती लागलं नसतं. ऐन कोकणात आहे, मेळघाटात आहे, दांडेलीत आहे, बस्तरमध्येही आहे. सगळीकडे असणारं झाड ठिकाण सांगत नाही.

साल असेल तर मात्र मोठी गोष्ट आहे. मेळघाटात सालाचं रान नाही. दांडेलीत नाही, गोव्यात नाही, सबंध सह्याद्रीत नाही. म्हणजे काळ्या शेपटीमुळे जी दोन ठिकाणं पुढे आली होती ती दोन्ही गळतात.

पानगळ
अंजनीताई, अगदी हेच. साल हिमालयाच्या पायथ्यापासून खाली छोटा नागपूर, ओडिशा, छत्तीसगड आणि पूर्व मध्य प्रदेशापर्यंत पसरलाय. पश्चिमेकडे त्याचा एक तुटक तुकडा पचमढीच्या डोंगरात आहे. भोवताली साग आणि मध्येच साल. जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 19व्या शतकातच देनवा नदीच्या खोऱ्यातल्या या तुकड्याची नोंद केली होती. मुख्य सालवनापासून इतक्या दूर असूनही त्या तुकड्याबरोबर बारशिंगा आणि लाल रानकोंबडाही तिथे आहेत, हे त्याला विशेष वाटलं होतं.

आपल्या फोटोत साग आणि साल एकाच चौकटीत आहेत. शेकरू, साल आणि साग तिन्ही एकत्र म्हटल्यावर मला पहिल्यांदा पचमढी-सातपुडा सुचतं. मागचा पिवळसर-तांबडा खडकही जुळतो. पचमढी वालुकाश्मावर आहे, भीमाशंकर आणि मेळघाट काळ्या बेसाल्टवर. खडकाला मी कमी वजन देतो, कारण तिरक्या उन्हात बेसाल्टवरची शेवाळं आणि माती फसवतात.

आता तारखेचं. ऑगस्टमध्ये साग हिरवागार असतो आणि त्याला पांढरे तुरे आलेले असतात. इथे साग जवळपास उघडा आहे आणि सालाला ताजी पालवी आहे. साल पूर्ण निष्पर्ण सहसा होत नाही, जुनी पानं पडता पडता नवी येतात, आणि मार्च-एप्रिलच्या सुमाराला तो फुलतो. म्हणजे फोटो उन्हाळ्याच्या सुरुवातीचा. ऑगस्ट ही फाइल कुणीतरी दुसरीकडे उतरवली त्या दिवसाची तारीख असणार.

केतकी_ठाणे
मला इथे थोडी भीती वाटते. तुम्ही 'इथे ही जात नाही, म्हणून फोटो इथला नाही' असं म्हणताय. माझ्या ओळखीच्या एकाने तानसा अभयारण्यात रानपिंगळ्यासारखा दिसणारा पिंगळा टिपला होता. ग्रुपवर सगळ्यांनी नकाशा दाखवून त्याला गप्प केलं, साधा ठिपकेदार पिंगळा आहे म्हणून. पुढे 2014 मध्ये तानसात रानपिंगळ्याची रीतसर नोंद झाली! त्याचा फोटो कुठला होता ते आता सांगता येणार नाही, कारण त्याने चिडून काढूनच टाकला. नकाशा म्हणजे कुणीतरी कधीतरी जिथे बघितलं तेवढंच ना?

पानगळ
केतकी, खरं आहे. रानपिंगळ्याचं उदाहरण तर दोन्ही बाजूंनी शिकवतं. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने आपल्याकडचा एक नमुना गुजरातेतल्या मांडवीजवळ 1914 मध्ये मिळवला असं लिहून ठेवलं होतं. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीतज्ज्ञांनी तपासून दाखवलं की तो नमुना मुळात जेम्स डेव्हिडसनने 19व्या शतकात खानदेशात मिळवलेला होता. तो चोरून, नव्याने पेंढा भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. ती चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या भागात शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ पक्षी पुन्हा सापडला. म्हणजे चिठ्ठीवर आंधळा विश्वास नको आणि नकाशावरही नको.

पण पिंगळा आणि सालवन यांत फरक आहे. जवळपास सारख्याच दिसणाऱ्या जातीत मिसळून जाणारा पिंगळा वर्षानुवर्षं नजरेआड राहू शकतो. मेळघाटात सालाचं रान असतं आणि वनखात्याच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदींत आलं नसतं, असं होत नाही. 'नाही' या शब्दाला किती वजन द्यायचं ते, ती गोष्ट असती तर दिसली असती का, यावर ठरतं.

केतकी_ठाणे
हे पटलं. पण लावलेला साल? एखाद्या विश्रामगृहाच्या आवारात?

अंजनी_पुणे
हा प्रश्न योग्य आहे. एकटं झाड असतं तर मीही अडले असते. पण खोडाच्या मागे धूसर भागात तशीच आणखी सरळ खोडं आहेत आणि वरची पालवीही त्याच रंगाची आहे. आवारातलं एखादं झाड वाटत नाही, रान वाटतं. तरी धूसर खोडांवरून शपथ घेणार नाही.

बस्तरवाला
जगदलपूरहून लिहितोय, मूळचा चंद्रपूरचा. पचमढीवर शिक्का मारण्याआधी आमच्याकडे बघा. कांगेर खोरं हे सालाची दक्षिण हद्द आणि सागाची सुरुवात यांच्या सांध्यावरच आहे. साल आणि साग एकाच वाटेवर दिसतात, आणि शेकरूही आहे. ओडिशात सिमिलीपालला शेकरू आणि साल दोन्ही आहेत. मग पचमढीच का?

पानगळ
बरोबर अडवलंत. सालामुळे पश्चिमेकडची ठिकाणं गळाली, पूर्वेकडची नाही. आतापर्यंतच्या पुराव्यावर पचमढी, बस्तर आणि सिमिलीपाल तिन्ही उभी आहेत. त्यातल्या त्यात चौकटीत साग असल्याने सिमिलीपाल माझ्या यादीत मागे जातं, पण लावलेला साग तिथेही असू शकतो.

डिंभेकाठ, त्याच डिस्कवर आगेमागे क्रमांकाचे फोटो आहेत का? एकट्या शेकरूने आणि दोन झाडांनी इथवर आणलं. आता दुसरा प्राणी किंवा पक्षी हवा.

डिंभेकाठ
काकांना विचारलं. त्यांनी त्याच फोल्डरमधले आणखी तीन पाठवले. DSC_4119 मध्ये सागाच्या वाळक्या पाचोळ्यात वानर. DSC_4131 मध्ये नुसती दरी, फार धूसर. DSC_4190 मध्ये रस्ता ओलांडणारा रानकोंबडा. अंग राखाडी, मानेवर पिवळसर-पांढरे ठिपके.

वऱ्हाडी_अभि
हा राखी रानकोंबडा! मेळघाटात आहे बरं का.

पानगळ
मेळघाटात आहे, भीमाशंकरला आहे, दांडेलीतही आहे. पण सालाचं काय करशील? दोन्ही एकत्र धर.

लाल रानकोंबड्याचा प्रदेश साधारण सालाबरोबर चालतो, राखी रानकोंबडा दक्षिण आणि पश्चिमेचा. सिमिलीपालला राखी नाही, त्यामुळे ते ठिकाण आता गेलं. जिथे सालाचं रान आहे आणि राखी रानकोंबडाही आहे अशी जागा म्हणजे या दोघांचा सांधा. पचमढीत दोन्ही कोंबडे भेटतात, ते प्रसिद्धच आहे. वानराचा उपयोग नाही, ते सगळीकडे आहे.

बस्तरवाला
गोदावरी-इंद्रावतीच्या बाजूलाही दोन्ही कोंबड्यांच्या हद्दी जवळ येतात. कांगेरमध्ये मी स्वतः लालच बघितलाय, पण दक्षिणेकडे उतरलात तर राखी मिळू शकतो. आणि माणूस एका प्रवासात शेकरू एकीकडे आणि कोंबडा दुसरीकडे टिपू शकतो. 4127 आणि 4190 मध्ये 63 फोटोंचं अंतर आहे. तो अर्धा तासही असेल, चार दिवसही.

पानगळ
मान्य. म्हणूनच मूळ फाइल हवी. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना आतली माहिती काढून टाकतं. डिस्कवरच्या मूळ फाइलमध्ये कॅमेऱ्याची वेळ असेल. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलेलं असलं तरी दोन फोटोंमधलं अंतर बरोबरच येतं. दोन्ही एकाच सकाळचे निघाले तर मी पचमढीच्या बाजूने ठाम उभा राहीन. काकांना फाइल ईमेलला जोडून किंवा पेनड्राइव्हवर द्यायला सांगा, चॅटमधून फोटो म्हणून नको.

दुसरं, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर शेकरूच्या नोंदी ठिकाणवार उघडून पचमढी आणि बस्तर यांचे फोटो शेजारी ठेवून बघा. रंगात वैयक्तिक फरक असतो, म्हणून एकेका फोटोवर जाऊ नका, दहा-वीस बघा. तिथे काही जातींच्या नोंदींचे ठिपके मुद्दाम हलवलेले असतात, ते खऱ्या जागेपासून वीसेक किलोमीटर दूर पडू शकतात. ठिपका नेमका कुठे आहे याला तेव्हा अर्थ नसतो.

नाना_घोडेगाव
पानांचं समोरासमोर आणि एकाआड एक मी सकाळी अंगणातल्या जांभळावर जाऊन बघितलं. जोडीनेच आहेत. मग फलकावर आमच्याकडचाच फोटो लावा. आहुपेच्या देवराईत माझ्या पुतण्याने यंदा काढलेले आहेत, पाठ-शेपटी दोन्ही दिसणारे.

डिंभेकाठ
नाना, फार बरं झालं. शेपटी पूर्ण दिसणारा एक आणि पोटाची बाजू दिसणारा एक, असे दोन पाठवायला सांगाल का? फोटोखाली फक्त 'आहुपे परिसर' लिहू, घरट्याचं झाड ओळखू येईल असा फोटो नको.

DSC_4127 मी फलकावरून काढलाय. काकांना तो भावाची आठवण म्हणून लावायचा होता, त्यामुळे त्यांच्याशी बोलायला संध्याकाळी घरी गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, भाऊ नोकरीनिमित्त काही वर्षं इटारसीला होता.

वऱ्हाडी_अभि
इटारसी! पचमढी तिथून जवळच की. लागलं मग.

बस्तरवाला
इटारसीहून मेळघाटही फार लांब नाही आणि रेल्वेने माणूस कुठेही जातो. राहण्याच्या गावावरून फोटो ठरवू नका. मूळ फाइल येऊ द्या.

अंजनी_पुणे
मीही थांबेन. मात्र डिंभेकाठ, डिस्क मिळाली की 4127 च्या आसपासचे सगळे बघा आणि झाडांचा एखादा सुटा फोटो आहे का ते शोधा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सालाला फिकट पिवळसर फुलांचे घोस असतात. ते दिसले तर साल पक्का, आणि माझी धूसर खोडांवरची शंकाही मिटेल.

डिंभेकाठ
डिस्क त्यांच्या पुतण्याकडे नागपूरला आहे. तो पुढच्या महिन्यात गावाला येताना आणणार आहे. तोवर माझ्या नोंदवहीत असं लिहितो: 'शेकरू, मध्य भारतीय रंगाचं. साल-साग मिश्र रान, उन्हाळ्याची सुरुवात. बहुधा पचमढी परिसर, बस्तर वगळलेलं नाही. भीमाशंकर नाही.' फाइल मिळाली की याच धाग्यावर 4127 आणि 4190 च्या वेळा टाकतो.